चाळीतला वास

भाद्रपदातली गोष्ट आहे. निफाड तालुक्यातल्या एका गावाहून त्रेसष्ट वर्षांचे काका, काकू आणि त्यांचा मुलगा माझ्या नाशिकच्या दवाखान्यात आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) मुलाच्या हातात प्लास्टिकची जाड पिशवी होती. तिच्यात चौदा वर्षांचे कागद, रिपोर्ट आणि रिकाम्या स्ट्रिपा. तक्रार मात्र एकाच वाक्यात सांगून झाली, "सात महिन्यांपासून उजवा हात थरथरतो आणि अंग जड पडलंय."

मी एम.डी. फिजिशियन आहे. मेंदूविकारतज्ज्ञ नाही. पण माणूस दारातून खुर्चीपर्यंत चालत येतो तेव्हाच अर्धी तपासणी झालेली असते. काकांचा डावा हात चालताना थोडातरी हलत होता. उजवा अंगाला चिकटूनच होता. बसल्यावर तो हात मांडीवर ठेवला आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरू लागला, जणू जपमाळ ओढताहेत. मी त्यांना सांगितलं, अंगठा आणि तर्जनी जमेल तितकी लांब उघडून भराभर आपटा. पहिले चार-पाच ठोके चांगले पडले, मग अंतर कमी कमी होत गेलं आणि शेवटी बोटं जवळजवळ चिकटलीच. नुसता थरकाप कितीतरी कारणांनी होतो. हालचाल अशी करता करता लहान होत जाते, तेव्हा मात्र पार्किन्सनचा विचार करावाच लागतो. मनगट धरून फिरवलं तर ते गुळगुळीत न फिरता अडकत अडकत फिरत होतं.

इथपर्यंत काही विशेष नव्हतं. महिन्यातून एखादा असा पेशंट येतोच. मी सवयीने विचारलं, "काका, वास येतो का नीट? फोडणीचा, हिंगाचा?"

काका काही बोलले नाहीत. काकूच म्हणाल्या, "वासाचं काय विचारता डॉक्टर, वासापायी आमची अख्खी चाळ गेली."

सात-आठ वर्षांपूर्वीचा पावसाळा. उन्हाळ कांदा चाळीत भरलेला, भाव चढायची वाट बघत थांबलेले. गावात काकांच्या नाकाची ख्याती होती. चाळीच्या तोंडाशी उभं राहून कुठल्या कप्प्यात कांदा बिघडायला लागलाय हे ते सांगायचे, शेजारीपाजारी त्यांना बोलावून न्यायचे. त्या वर्षी ते रोज सकाळी चाळीत जात होते, हात लावून बघत होते आणि "चांगला आहे" म्हणत होते. काकू आठ दिवस माहेरी होत्या. परत आल्या आणि अंगणात पाय ठेवताच नाकाला पदर लावला. मधले दोन कप्पे सडून पाणी सुटलेलं. "एवढा घाण वास मारतोय आणि तुम्हाला कळलं नाही?" यावर काका म्हणाले होते, "कसला वास?"

घरात भांडण झालं. लक्ष नाही, मन लागत नाही, वय झालं, असं सगळे म्हणाले. नाकाच्या डॉक्टरांनी नाक स्वच्छ असल्याचं सांगितलं. विषय तिथेच संपला.

मी पेन खाली ठेवलं. बाहेर बरेच पेशंट थांबले होते, तरी रिसेप्शनवर सांगितलं की अर्धा तास कोणाला आत पाठवू नका. "काकू, आता मला पहिल्यापासून सांगा. हाताचं नको. हाताच्या आधीचं सांगा."

पहिल्यापासून म्हणजे धाकट्या मुलीच्या लग्नाच्या आधीपासून, चौदा वर्षांमागून. काकांना शौचाला होईना. तीन-तीन, चार-चार दिवस नाही. सगळे उपाय झाले. एरंडेल, हिमेज, इसबगोल, सोनामुखीचं चूर्ण. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल, साखर नॉर्मल.

पिशवीतून कागद काढत असताना एक कागद हातात आला आणि मी थांबलो. अक्षर माझंच होतं. सहा वर्षांपूर्वी काका ब्लडप्रेशरसाठी माझ्याकडे आले होते. मी तळाशी लिहिलं होतं, 'बद्धकोष्ठता, जुनी. पाणी वाढवणे, इसबगोल.' तेव्हा चाळ सडून वर्ष-दीड वर्ष झालेलं होतं. मी वासाबद्दल विचारलं नव्हतं, झोपेबद्दलही नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. तो कागद मी मुलाला दाखवला आणि सांगितलं की हा माझा आहे, आणि मलाही तेव्हा हे दिसलं नाही.

मग झोपेचं निघालं. काकूंनी आधी मुलाकडे पाहिलं. मुलगा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. त्यांनी डाव्या भुवईवरचा पदर मागे केला. तिथे टाक्यांचा जुना व्रण होता. "लोक काय म्हणतील म्हणून सांगितलं, मोरीत पडले. पडले नव्हते. यांनी झोपेत मारलं."

काका मान खाली घालून बसले होते. दहा वर्षांपासून हे चालू आहे, काकू म्हणाल्या. पहाटे तीन-चारच्या सुमाराला काका झोपेत ओरडतात, हात फेकतात, लाथा मारतात. चोर आले, कुत्री अंगावर आली, कोणीतरी कांद्याची गाडी पळवतंय. हलवून जागं केलं की लगेच भानावर येतात आणि स्वप्न जसंच्या तसं सांगतात. दिवसा मात्र गायीसारखे गरीब. कोणावर कधी हात उचलला नाही. गेली आठ वर्षं काकू खाली वेगळं अंथरूण टाकतात. सुनेला वाटतं नवरा-बायकोचं पटत नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. "आता दिवसा यांचा आवाजच निघत नाही. पुटपुटल्यासारखं बोलतात, दोनदा विचारावं लागतं. पण रात्री झोपेत ओरडतात ना, तो आवाज जुना आहे. सप्ताहात अभंगाची चाल उचलायचे, तो. आणि हात पण जोरात चालतो, थरथरत नाही."

काकूंचं हे निरीक्षण अचूक होतं. मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा पेशंटांचं झोपेतलं चित्रण करून हेच नोंदवलं आहे. जागेपणी हालचाल मंद आणि आवाज बारीक असतो, तर स्वप्नाच्या झोपेत हालचाल जोरकस आणि आवाज खणखणीत होतो.

स्वप्नं ज्या झोपेत पडतात तिला आरईएम झोप म्हणतात. त्या वेळी मेंदू जागेपणाइतकाच कामात असतो, पण डोळे आणि श्वासाचे स्नायू सोडले तर बाकी शरीर सैल पडलेलं असतं. ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, पेशींचे काही छोटे पुंजके आहेत. तेच ही कडी लावतात. ते बिघडले की कडी निघते आणि माणूस स्वप्नातली मारामारी प्रत्यक्षात करतो. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या डॉक्टरांनी 1986 साली या विकाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. पुढे दहा वर्षांनी त्यांनीच सांगितलं की त्या वयस्क पुरुषांपैकी बऱ्याच जणांना पार्किन्सनसारखा आजार झाला. 2019 साली अनेक देशांतल्या 1280 पेशंटांची एकत्र माहिती प्रसिद्ध झाली. बारा वर्षांत त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होतो, असा तिचा हिशेब होता.

काका इतका वेळ गप्प होते. मी त्यांना विचारलं, "आणि मन कसं आहे?" ते म्हणाले, "मनच नाही." तीन वर्षांपूर्वी सप्ताहात जाणं बंद झालं. टाळ खुंटीला टांगले ते तिथेच. नातू अंगावर चढला तरी हसू येईना. भाव पडला, कर्ज झालं, म्हणून खचले, असं घरच्यांना वाटलं. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याची गोळी दिली, तिने थोडा फरक पडला. इथे मला एक गोष्ट तपासून घ्यावी लागली, कारण नैराश्याच्या काही गोळ्यांनीही झोपेत हातपाय चालण्याचा हा त्रास सुरू होऊ शकतो. तारखा लावल्या. गोळी अडीच वर्षांपूर्वीची, काकूंच्या भुवईचे टाके त्याच्या कितीतरी आधीचे.

मी कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर लिहीत गेलो. पोट, चौदा वर्षं. झोप, दहा. वास, आठ. मन, तीन. हात, सात महिने. मुलाला आत बोलावलं. तो कागद बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हे पाच आजार नाहीत?"

मी त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो.

पार्किन्सन म्हणजे मेंदूतलं डोपामिन कमी होणं, हे आपण शिकलो आणि लोकांनाही तेच सांगतो. ते खरंच आहे, पण ती आजाराची एक खोली आहे, सगळं घर नाही. या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन मज्जापेशींच्या आत चुकीच्या घडीने गोळा होतं. त्या गुठळ्यांना लुई बॉडी म्हणतात. फ्रिट्झ लुई यांनी 1912 साली त्यांचं वर्णन केलं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की पार्किन्सनसाठी प्रसिद्ध असलेल्या डोपामिनच्या भागात, सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये, त्या त्यांनी सांगितल्या नव्हत्या. त्यांना दिसलेल्या जागांत एक होती व्हेगस नसेचं मूळ. नायग्राकडे बोट दाखवलं ते त्रेत्याकॉफ यांनी, 1919 साली. व्हेगस ही ब्रेनस्टेममधून निघून जठर-आतड्यांपर्यंत जाणारी लांब नस. म्हणजे पोटाचा धागा पहिल्यापासून समोर होता, हात थरथरताना दिसतो म्हणून सगळ्यांची नजर हाताकडे गेली. खुद्द जेम्स पार्किन्सन यांनी 1817 सालच्या आपल्या पुस्तिकेत सुस्त आतड्यांबद्दल आणि बिघडलेल्या झोपेबद्दल लिहून ठेवलं आहे.

जर्मनीतल्या हायको ब्राक यांच्या गटाने 2003 साली मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून एक क्रम मांडला. गुठळ्या आधी व्हेगसच्या मुळात आणि वासाच्या कंदात दिसतात. मग ब्रेनस्टेममधून वर चढतात. झोपेची कडी लावणारे पुंजके तिथेच आहेत, सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन बनवणाऱ्या पेशीही तिथेच. मनाची उभारी बऱ्याच अंशी या दोन रसायनांवर असते. नायग्राचा नंबर त्यानंतर लागतो, आणि तिथल्याही जवळपास निम्म्या पेशी गेल्यावरच हात थरथरायला लागतो. आतड्याच्या भिंतीतही मज्जापेशींचं जाळं असतं. त्यातही याच गुठळ्या सापडल्या आहेत. म्हणून आतडं मंद चालतं. काकांचं मन कांद्याच्या भावाने खचलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण मन उभं करणारी यंत्रणाच आतून पोखरली जात होती, आणि घरचे त्यांना "हिंमत धरा" म्हणत होते.

हा क्रम सगळ्यांना लागू पडत नाही. काहींना हात आधी थरथरतो, पोट आणि झोप कितीतरी वर्षं ठीक असते. त्यामुळे काहींत आजार शरीरातून वर जातो आणि काहींत मेंदूतून खाली येतो, असा विचार आता मांडला जातो. काका पहिल्या प्रकारात बसत होते.

मुलाने मध्येच विचारलं, "सर, माझंही पोट साफ होत नाही." त्याचा चेहरा उतरला होता. हा प्रश्न मला येतोच, आणि त्याचं उत्तर घाईत देऊ नये. होनोलुलूमधल्या हजारो पुरुषांच्या दीर्घ अभ्यासात, रोज शौचाला न होणाऱ्यांना पुढे पार्किन्सन होण्याचं प्रमाण रोज होणाऱ्यांपेक्षा सुमारे 2.7 पट निघालं. पण मुळात तो आजार इतक्या थोड्यांना होतो की बद्धकोष्ठता असलेल्यांतल्या फार मोठ्या बहुसंख्येला तो कधीच होत नाही. नुसतं पोट काही सांगत नाही. पोटाच्या जोडीला वास गेला आणि झोपेत हात चालायला लागला, तर ते तिन्ही मिळून बोलतात. त्याला मी झोपेबद्दल आणि वासाबद्दल विचारलं. दोन्ही ठीक होतं. दिवसभर ट्रॅक्टरवर बसून चहा जास्त आणि पाणी कमी, हे कारण समोरच होतं.

आता पिशवीतल्या रिकाम्या स्ट्रिपा उरल्या होत्या. मी त्या एकेक उलटून वाचत होतो. गॅससाठी दीड वर्षापासून रोज सकाळी एक कॅप्सूल चालू होती. वर मोठ्या अक्षरात अॅसिडिटीच्या औषधाचं नाव, खाली बारीक अक्षरात दुसरं औषध, लेव्होसल्पिराइड. मला धस्स झालं.

हे औषध जठर हलतं राहावं म्हणून देतात. ते डोपामिनचं काम अडवतं, आणि ते फक्त पोटात अडवून थांबत नाही, मेंदूतही अडवतं. म्हणजे मंद आतड्यामुळे गॅस, गॅससाठी ही कॅप्सूल, आणि कॅप्सूलने डोपामिनला खीळ. एकट्या या औषधानेही माणूस ताठ आणि थरथरता होऊ शकतो, आणि औषध बंद केल्यावर बरा होतो. मग हा पार्किन्सन की कॅप्सूलचा परिणाम?

औषधाचा परिणाम बहुधा दोन्ही अंगांवर सारखा असतो. काकांचा उजवा हात स्पष्टपणे जास्त होता. शिवाय कॅप्सूल दीड वर्षाची होती, वास आठ वर्षांपूर्वीच गेलेला होता. तरी मी घाई केली नाही. कॅप्सूल बंद केली आणि पार्किन्सनचं औषध सुरू न करता दोन महिन्यांनी बोलावलं. डोपामिनचा स्कॅन मुंबईला होऊ शकला असता, कारण निव्वळ औषधाच्या परिणामात तो नॉर्मल येतो. पण थांबून बघणं बिनखर्चाचं होतं आणि काकांना त्याने धोका नव्हता.

त्या दोन महिन्यांत करायचं काम वेगळंच होतं. पोटासाठी इसबगोल बंद केलं. ते घोटभर पाण्यासोबत घेतलं जात होतं, आणि आतडंच मंद असताना असा कोंडा आत फुगून बसतो, गॅस वाढवतो. त्याऐवजी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात, रोज रात्री. संडासात पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवायला सांगितला, कारण या आजारात शेवटच्या दारातला स्नायूही वेळेवर सैल पडत नाही. झोपेसाठी मेलाटोनिन, तीन मिलिग्रॅमपासून. क्लोनाझेपाम जास्त वापरलं जातं, पण पडण्याची भीती असलेल्या माणसाला मी ते आधी देत नाही.

मग मी विचारलं की खोलीत काय काय आहे. पलंग उंच, बाजूला लोखंडी पेटी. "आणि उशाखाली?" काकू म्हणाल्या, "अडकित्ता. वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून सासूबाईंनी सांगितलं होतं, उशाशी लोखंड असावं." दहा वर्षं काका उशाखाली अडकित्ता ठेवून झोपेत चोरांशी लढत होते. मी हात जोडून सांगितलं की तो आजच्या आज काढा. पेटी हलवा, गादी खाली जमिनीवर घ्या.

दोन महिन्यांनी काका आले तेव्हा डावी बाजू मोकळी झाली होती आणि चेहऱ्यावर थोडी हालचाल होती. उजवा हात होता तसाच. कॅप्सूलने आजार दिला नव्हता, आत असलेला आजार लवकर उघडा पाडला होता. मेंदूविकारतज्ज्ञ मित्राने काकांना तपासलं, त्याचंही तेच मत पडलं. लेव्होडोपा शंभर मिलिग्रॅमची अर्धी गोळी दिवसातून तीनदा सुरू केली, पुढे हळूहळू पूर्ण. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, कारण डाळी-दुधातली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. जठर सुस्त असलं तर गोळी आतड्यापर्यंत उशिरा पोचते आणि असर लांबतो. पोटाचं औषध वगळायचं नाही असं मी बजावलं ते त्यासाठी.

मुलाचा एक प्रश्न शेवटपर्यंत होता, "सहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर थांबवता आलं असतं का?" नाही. हा आजार थांबवणारं औषध आज आपल्याकडे नाही. पण ती कॅप्सूल दिली गेली नसती. आतड्याची दुसरी तपासणी कदाचित टळली असती, कारण दुसरं कारण समोर होतं. अडकित्ता सहा वर्षं आधी निघाला असता. आणि काकूंनी सुनेला सांगितलं असतं की हे भांडण नाही, आजार आहे.

लेव्होडोपाने हात सुधारला. अक्षर पुन्हा थोडं मोठं झालं, शर्टाची बटणं लागतात. मन मात्र तिने आपोआप उभं राहिलं नाही. मनोविकारतज्ज्ञांशी बोलून नैराश्याच्या गोळीचा डोस बदलावा लागला. दिवाळीनंतरच्या सप्ताहात काका मंडपाच्या मागच्या बाजूला बसून टाळ वाजवत होते, असं मुलाने फोनवर सांगितलं. रात्री ओरडणं कमी झालं, पूर्ण बंद नाही. काकूंचं अंथरूण अजून वेगळंच आहे, पण त्याच खोलीत.

वास परत आला नाही. तो गोळीने येत नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. यंदा उन्हाळ कांदा भरल्यावर ते तपासणीला आले तेव्हा मी चाळीचं विचारलं. काका म्हणाले, "रोज सकाळी दोघं जातो. ती दारात उभी राहून वास घेते आणि कप्पा सांगते. आत जाऊन सडका कांदा मी काढतो."